मेनू बोर्डाच्या स्क्रीनसाठी इन्स्टॉलरला पत्र कसं लिहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दुकानांत आणि हॉटेलांत मेनूचे स्क्रीन लावायचं काम करतो. बहुतेक मालकांचा पहिला मेसेज "दादा ४३ इंची तीन लावायचेत, किती होतील" एवढाच असतो आणि त्यावर कोणीही प्रामाणिक आकडा देऊच शकत नाही. म्हणून मालक लोक जे प्रश्न नेहमी विचारतात ते इथे एकत्र लिहून ठेवलेत, सोबत एक नमुना पत्रही दिलंय, ते तुमच्या दुकानाप्रमाणे बदलून वापरा.

पत्र कशाला? फोनवर सांगून किंवा समक्ष दाखवून होत नाही का?

समक्ष बघायला तर यायलाच हवं, पण त्याआधी लिहून द्या. कारण असं की तुम्ही तीन जणांकडून कोटेशन मागवणार, आणि तिघांना तोंडी सांगितलं की तिघं तीन वेगळ्या गोष्टींचे दर देतात. एकाने घरचा टीव्ही धरलेला असतो, दुसऱ्याने कमर्शियल डिस्प्ले, तिसऱ्याने वायरिंग धरलेलंच नसतं, आणि तुम्ही मात्र खालचा आकडा बघून ठरवता. एकच कागद तिघांना गेला की दर निदान एकाच कामाचे येतात. दुसरं म्हणजे नंतर वाद झालाच तर "हे आपलं ठरलं होतं" म्हणायला काहीतरी हातात असतं.

पत्रात मॉडेल लिहायची गरज नाही. तुमची जागा कशी आहे, गिऱ्हाईक कुठे उभं राहतं, उजेड कुठून येतो, दुकान किती तास चालू असतं आणि दर कोण बदलणार, एवढं लिहा. हे तुम्हालाच माहीत असतं. कोणता स्क्रीन घ्यायचा ते इन्स्टॉलरने त्यावरून सांगायचं.

पूर्ण पत्र दिसतं कसं?

खालचं पत्र एका मिसळीच्या दुकानासाठी आहे असं धरून लिहिलंय. मापं एकमेकांशी जुळवून घेतली आहेत, कारण पुढचा हिशेब याच मापांवर करायचाय.

> सप्रेम नमस्कार दादा,
>
> आमचं मिसळ आणि नाष्ट्याचं दुकान आहे. काउंटरच्या मागच्या भिंतीवर मेनूचे स्क्रीन लावायचे आहेत. सध्या तिथे फ्लेक्स आहे, दर बदलला की त्यावर स्टिकर चिकटवतो, ते आता बंद करायचंय.
>
> भिंत ११ फूट रुंद आहे आणि तेवढी पूर्ण मोकळी आहे. वर ९ फुटांवर बीम येतो. पोरं मागे उभी राहून प्लेटा भरतात म्हणून स्क्रीनची खालची कड जमिनीपासून पावणेसात फुटांच्या खाली नको. भिंत विटांची आहे, प्लॅस्टर जुनं आहे.
>
> ऑर्डर देणारा माणूस स्क्रीनपासून ८ फुटांवर असतो. रांगेतला शेवटचा माणूस १४ फुटांवर असतो, त्यालाही नाव आणि दर न विचारता वाचता यायला हवा.
>
> दुकानाचं तोंड पश्चिमेला आहे, पुढे शटर, काच नाही. संध्याकाळी ऊन काउंटरपर्यंत येतं. सकाळी ९, संध्याकाळी ५ आणि रात्री ८ चे फोटो जोडलेत, भिंतीकडे बघून आणि भिंतीकडून रस्त्याकडे बघून असे दोन्ही.
>
> सकाळी ७ ते रात्री १० दुकान चालू, सुट्टी नाही. आमच्याकडे लाईट जाते, वीजदाब कमीजास्त होतो. इन्व्हर्टर आहे.
>
> भज्यांची कढई भिंतीच्या डाव्या टोकाच्या पलीकडे ५ फुटांवर आहे, वर एक्झॉस्ट आहे.
>
> एकूण ३० पदार्थ आहेत. सगळा मेनू मराठीत. सकाळी ११ पर्यंत पोहे, उपमा दाखवायचं, नंतर ते काढून संध्याकाळच्या वस्तू. दर आम्ही स्वतः बदलणार, मोबाईलवरून किंवा पेनड्राइव्हने. वायफाय आहे पण भरवशाचं नाही.
>
> यासाठी किती स्क्रीन, केवढे, किती ब्राइटनेसचे आणि का, ते लिहून पाठवा. कोटेशनमध्ये स्क्रीन, स्टँड, प्लेअर, वायरिंग, मेनूचं डिझाइन आणि पहिल्या वर्षाची सर्व्हिस हे सगळं वेगवेगळं दाखवा. सॉफ्टवेअरचं दरमहा किंवा दरवर्षी भाडं असेल तर तेही.
>
> उरलेली रक्कम लाईट घालवून-आणून, दर बदलून आणि संध्याकाळी ५ ला रांगेच्या टोकावरून मेनू वाचून बघितल्यावर देऊ.
>
> आपला,
> (नाव, दुकानाचं नाव, पत्ता)

यात इंच कुठेच नाहीत. किती इंची घ्यायचा हे आधी ठरवायला नको का?

नको, इंच सगळ्यात शेवटी येतात. आधी अंतर, अंतरावरून अक्षर, अक्षरावरून ओळी, आणि ओळींवरून स्क्रीन. वरच्याच पत्रावर करून बघू.

बोर्ड लिहिणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे, दर १० फुटांना १ इंच उंचीचं अक्षर, म्हणजे आरामात वाचता येतं. रांगेतला शेवटचा माणूस १४ फुटांवर, म्हणजे अक्षर १.४ इंच, साधारण साडेतीन सेंटिमीटर. हे माप शिरोरेषेपासून 'म' च्या पायापर्यंतचं धरायचं. मराठीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार येतात आणि खाली उकार येतो, शिवाय दोन ओळींत थोडी हवा लागते, म्हणून एका ओळीला अक्षराच्या दुप्पट जागा धरा, म्हणजे ७ सेंटिमीटर. इंग्रजी मेनूच्या डिझाइनमध्ये नुसतं मराठी टाकलं की ओळी एकमेकींवर चढतात त्याचं कारण हेच.

आता ४३ इंची स्क्रीन आडवा लावला तर त्याची दिसणारी उंची साडेत्रेपन्न सेंटिमीटर असते. ७ ने भागा, ७ ओळी बसतात. एक ओळ "नाष्टा", "मिसळ" असल्या मथळ्याला गेली, उरल्या ६. रुंदी ९५ सेंटिमीटर असते, त्यात दोन कॉलम केले तर "साबुदाणा खिचडी" आणि पुढे दर एवढं एका कॉलममध्ये जेमतेम बसतं. म्हणजे एका स्क्रीनवर १२ पदार्थ, तीन स्क्रीनवर ३६. मेनू ३० चा आहे, थोडी जागा एखाद्या फोटोला उरते.

मग ५५ इंची दोन का नकोत? एकाची उंची साडेअडुसष्ट सेंटिमीटर, ९ ओळी, मथळा सोडून ८, दोन कॉलम म्हणजे १६ पदार्थ, दोघांचे ३२. तेही पुरतात. पण पत्रात लिहिलंय की पावणेसात फुटांपासून बीमपर्यंतच जागा आहे, म्हणजे सव्वादोन फूट, ६८.६ सेंटिमीटर. ५५ चा स्क्रीन फ्रेमसकट त्यात बसतच नाही, आणि ४३ चा फ्रेमसकट साधारण ५६ होतो म्हणजे वर-खाली मिळून १२ सेंटिमीटर उरतात, स्टँडवर उचलून अडकवायला आणि गरम हवा बाहेर पडायला तेवढी जागा लागतेच. तीन ४३ शेजारी शेजारी लावले की फ्रेमसकट ९ फूट साडेसहा इंच होतात, भिंत ११ फूट. झालं ठरून. आणि हे कशामुळे ठरलं तर बीमच्या मापामुळे, जे फोनवर कोणीच सांगत नाही.

तीनच्या बाजूने अजून एक गोष्ट, एखादा बंद पडला तर मेनूचा तिसरा भाग जातो, दोनमध्ये अर्धा जातो.

हे अक्षर खरंच दिसेल का हे स्क्रीन घेण्याआधी कसं कळणार?

कागदावर करून बघा, खर्च काही नाही. चार-पाच पदार्थ आणि दर साडेतीन सेंटिमीटरच्या अक्षरात प्रिंट काढा (फॉन्टचा साईज आणि अक्षराची उंची एक नसते, प्रिंटवर पट्टी ठेवून 'म' मोजा), भिंतीवर ७ फुटांच्या पुढे चिकटवा आणि रांगेच्या टोकाला उभे रहा. घरातल्या वयस्कर माणसाला बोलवा, चष्मा लावूनही आणि काढूनही वाचायला सांगा. त्यांना वाचता आलं तर तुमच्या गिऱ्हाइकालाही येईल. नाही आलं तर अक्षर वाढवा, आणि मग ओळी कमी होणार हे लक्षात घेऊन पत्र दुरुस्त करा. डिझाइन करणाऱ्यालाही हेच माप द्या: ४३ इंची फुल एचडी स्क्रीनवर साडेतीन सेंटिमीटर म्हणजे ७० पिक्सेल.

घरचा टीव्ही निम्म्या पैशात येतो, तो लावला तर काय होतं?

चालू होतो, दिसतोही, पहिले काही महिने काहीच वाटत नाही. अडचण नंतर येते. घरचा टीव्ही संध्याकाळी काही तास बघायच्या हिशेबाने बनवलेला असतो, तुमचं दुकान सकाळी ७ ते रात्री १०, म्हणजे रोज १५ तास. कमर्शियल डिस्प्लेवर "१६/७" असं लिहिलेलं असतं, रोज १६ तास, आठवडाभर. तुम्हाला तेवढं पुरतं, "२४/७" चा घेऊन जास्त पैसे घालवू नका, तो रात्रभर चालणाऱ्या जागांसाठी.

त्याहून मोठी गोष्ट वॉरंटीची. बऱ्याच कंपन्यांच्या घरगुती टीव्हीची वॉरंटी दुकानात वापरला की लागू होत नाही, हे कागदावर बारीक अक्षरात असतं. म्हणून इन्स्टॉलरकडून लिहून घ्या की हा माल धंद्याच्या वापरासाठीच आहे आणि बिल दुकानाच्या नावाने, सिरीयल नंबरसकट मिळेल.

ओएलईडी टीव्ही तर मेनूसाठी घेऊच नका, कितीही छान दिसला तरी. तेच अक्षर त्याच जागी दिवसभर राहिलं की त्याची छाप पडद्यावर कायमची उमटते.

आणि तिन्ही स्क्रीन एकाच मॉडेलचे, एकाच वेळी घेतलेले असावेत. दोन आत्ता आणि एक दिवाळीनंतर असं केलं की पांढरा रंग एकावर पिवळट आणि दुसऱ्यावर निळसर दिसतो, शेजारी शेजारी लावल्यावर ते फारच डोळ्यात येतं.

फोटो दोन्ही बाजूंनी का मागतात? भिंतीचा एक पुरे ना?

भिंतीच्या फोटोवरून कळतं की तिच्यावर ऊन किती पडतं. पण स्क्रीनमध्ये प्रतिबिंब दिसणार ते समोरच्या गोष्टींचं, म्हणून स्क्रीन जिथे येणार तिथे स्टुलावर उभं राहून रस्त्याकडे बघत काढलेला फोटो जास्त कामाचा. त्यात जे चकाकतंय, समोरच्या गाड्यांच्या काचा, तुमचीच ट्यूबलाईट, ते सगळं मेनूवर दिसणार.

ब्राइटनेस निट्समध्ये मोजतात. घरच्या टीव्हीला साधारण २५० ते ३५०, आतल्या बाजूच्या कमर्शियल स्क्रीनला ४०० ते ५००. उत्तरेकडे तोंड असलेल्या किंवा खोल दुकानात ते भरपूर होतात. पत्रातलं दुकान मात्र पश्चिमेचं आणि पुढून उघडं, संध्याकाळचं ऊन खाली उतरून आत येतं, आणि नेमकी गर्दीही तेव्हाच. अशा ठिकाणी मी ७०० निट्सचा, मॅट पडद्याचा स्क्रीन सांगतो. सूर्य थेट पडद्यावरच येत असेल तर मात्र ७०० पण कमी पडतात, उन्हात लावायचे स्क्रीन २५०० च्या पुढचे असतात आणि त्यांची किंमत, वीज, वजन सगळंच वेगळं. त्यापेक्षा शटरच्या पुढे एक छज्जा किंवा कापडी शेड टाका, फार स्वस्तात काम होतं. स्क्रीन वरून थोडा पुढे झुकवला तरी रस्त्याचं प्रतिबिंब खाली जातं, आणि वाचायलाही बरं पडतं.

मराठी अक्षरं स्क्रीनवर तुटतात असं ऐकलंय, खरं का?

हो, आणि कारणं दोन. पहिलं, तुमचा जुना मेनू डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला असतो, तो युनिकोड नसतो, त्यामुळे तीच फाईल दुसऱ्या ठिकाणी उघडली की "मिसळ" च्या जागी भलतीच चिन्हं येतात. दुसरं, प्लेअर म्हणजे स्क्रीनवर मेनू चालवणारा डबा, काही स्वस्त प्लेअरमध्ये अक्षरं टाईप करायची सोय असते पण जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, "स्पेशल" मधला स्पे मोडून स् आणि प वेगळे पडतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते.

म्हणून पत्रात "सगळा मेनू मराठीत" हे लिहा म्हणजे लिहाच. यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे मेनू चित्र म्हणून स्क्रीनवर पाठवायचा, स्क्रीनच्याच मापाची इमेज फाईल. मग प्लेअरला मराठी येवो न येवो, तो फक्त चित्र दाखवतो. मूळ डिझाइन मात्र युनिकोड फॉन्टमध्ये करून घ्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चालतात, दोन्ही फुकट आहेत, आणि ती एडिट होणारी मूळ फाईल तुमच्या ताब्यात घ्या. ती इन्स्टॉलरकडेच राहिली तर प्रत्येक दरवाढीला त्याला फोन करत बसाल.

लाईट जाते हे इन्स्टॉलरला सांगून काय उपयोग, ती त्याच्या हातात थोडीच आहे?

लाईट त्याच्या हातात नाही, पण ती परत आल्यावर काय होतं ते आहे. पुष्कळ टीव्ही लाईट आली की लाल दिवा लावून गप्प बसतात, रिमोट दाबावा लागतो. तीन स्क्रीन, वर सात फुटांवर, समोर रांग, आणि रिमोट कोणी कुठे ठेवलाय माहीत नाही. कमर्शियल डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये वीज आली की आपोआप चालू व्हायचं आणि नेमक्या प्लेअरच्याच इनपुटवर जायचं, असं ठरवता येतं. ते करून घ्यायचं असतं, आपोआप केलेलं नसतं.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. काही साध्या प्लेअरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, लाईट गेली की वेळ विसरतात आणि इंटरनेटवरून परत घेतात. तुमचं वायफाय भरवशाचं नाही म्हणता, मग ११ वाजता पोहे उतरणार कसे? दुपारी दोनला पोहे दिसत राहतात आणि गिऱ्हाईक मागतं. म्हणून वायफायची गोष्टही पत्रात हवी, म्हणजे घड्याळ टिकणारा प्लेअर निवडला जातो किंवा प्लेअर तेवढा इन्व्हर्टरवर घेतला जातो. प्लेअरला वीज अगदी थोडी लागते. तीन स्क्रीनही इन्व्हर्टरवर घ्यायचे असतील तर त्यांच्या मागे लिहिलेले वॅट बेरीज करून आधी तुमच्या इलेक्ट्रिशियनला विचारा, फ्रिज आणि मिक्सरच्या लाईनवर तर ते टाकूच नका.

दर बदलायला दरमहा भाड्याचं सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं का?

एका दुकानाला नाही. लिंबू, तेल, कांदा महागला की दर बदलणार, म्हणजे वर्षातून काही वेळाच, त्याला पेनड्राइव्ह पुरतो. बऱ्याच कमर्शियल स्क्रीनमध्ये चित्र चालवायची आणि वेळ ठरवायची सोय आतच असते, वेगळा डबा लागत नाही. भाड्याचं सॉफ्टवेअर कामाचं ठरतं ते तीन-चार शाखा असतील आणि सगळीकडे एकदम दर बदलायचा असेल तेव्हा. घेतलंच तर खातं तुमच्या नावाने, तुमच्या मोबाईल नंबरवर उघडून घ्या, आणि एक प्रश्न नक्की विचारा: नेट बंद असताना शेवटचा मेनू दिसत राहतो का? नेट गेल्यावर मेनूच जाणार असेल तर नको.

कढई, वाफ, धूळ यांचा स्क्रीनवर काय परिणाम होतो?

तेलाची वाफ स्क्रीनच्या मागच्या जाळीवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते आणि हवा खेळेनाशी होते. मग स्क्रीन तापतो, आधी मधूनच बंद होतो, परत लावला की थोडा वेळ चालतो. असं व्हायला लागलं की मागची जाळी आधी बघा. बहुतेक डिस्प्ले ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालायला बनवलेले असतात, आणि पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात छताजवळची हवा त्याच्या सहज पुढे जाते. तुमचं छप्पर पत्र्याचं असेल तर तेही पत्रात टाका. नमुन्यातलं दुकान बघा, कढई डाव्या टोकापासून ५ फुटांवरच आहे, म्हणून मी तीनही स्क्रीन उजव्या बाजूला सरकवून लावायला सांगेन, डावीकडचा उरलेला दीडेक फूट मोकळा सोडायचा.

भिंतीबद्दल काय सांगायचं?

कशाची आहे एवढंच. वीट, काँक्रीट, सायपोरेक्सचा ब्लॉक की जिप्समचं पार्टिशन. ब्लॉकला वेगळे फास्टनर लागतात, आणि पार्टिशनला मागून प्लाय किंवा लोखंडी चौकट दिल्याशिवाय स्क्रीन टांगायचा नाही. प्लॅस्टर पोकळ वाजत असेल तर तेही लिहा.

काम झाल्यावर काय तपासून उरलेले पैसे द्यायचे?

इन्स्टॉलर समोर असतानाच करा. मेन एमसीबी खाली पाडा, पाच मिनिटं थांबा, वर करा आणि रिमोटला हात लावू नका. तिन्ही स्क्रीनवर मेनू आपोआप यायला हवा, "नो सिग्नल" ची पाटी चालणार नाही. मग वायफाय बंद करून हेच परत करा आणि वेळ बरोबर आहे का बघा. त्यानंतर तुमच्या मुलाला किंवा काउंटरवरच्या माणसाला एका पदार्थाचा दर बदलायला सांगा, इन्स्टॉलरने फक्त बघायचं. आणि संध्याकाळी ५ ला रांगेच्या टोकाला उभं राहून सगळ्यात लांब नावाचा पदार्थ वाचा. सकाळी काम संपलं म्हणून सकाळीच पैसे मागत असतील तर सांगा की संध्याकाळपर्यंत थांबा, पत्रात लिहिलेलंच आहे.

रिमोट, पासवर्ड, मूळ डिझाइनची फाईल आणि वॉरंटीचे कागद हातात आले की मग हिशेब पूर्ण करा.

कोटेशन आली, आता निवडायचं कसं?

ज्याने तुमच्या पत्रातल्या मापांचा उल्लेख करून उत्तर दिलंय त्याला आधी बोलवा. "१४ फुटांवरून वाचायचं म्हणून अक्षर एवढं, बीममुळे ४३ च्या वर जाता येत नाही, ऊन आहे म्हणून ७००" असं ज्याने लिहिलं त्याने पत्र वाचलंय. नुसता मॉडेल नंबर आणि एक आकडा आला असेल तर त्याला एकदा विचारा की हाच का सुचवला. त्याने फोनवर नीट समजावलं तरी चालेल, सगळ्यांना लिहायची सवय नसते, पण ते समजावलेलं त्याच कोटेशनखाली दोन ओळींत लिहून घ्या आणि सही घ्या.